वकिलाचं मत मिनिट्समध्ये नको

‘सगळं लिहून ठेवा, म्हणजे उद्या कमिटीवर ठपका नको.’ गृहनिर्माण संस्थांमधला हा लाडका युक्तिवाद. दिसायला प्रामाणिक, पण वकिलाच्या सल्ल्यापाशी तो संस्थेवरच उलटतो.

समजा, गच्चीच्या गळतीवरून एक सभासद सहकार न्यायालयात गेला आहे. कमिटीच्या सभेत वकील सांगतात, ‘त्यांच्या पत्राला सहा महिने उत्तर नाही, आपली बाजू लंगडी आहे, दोन लाखांपर्यंत मिटवा.’ सेक्रेटरी हे शब्दशः उतरवतात. पण महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार कमिटीच्या सभांची इतिवृत्तं पाहण्याचा आणि शुल्क भरून त्यांची प्रत घेण्याचा हक्क प्रत्येक सभासदाला आहे. दावा लावणाराही सभासदच! आता तो दोन लाखांच्या खाली कशाला येईल? भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम १३४ सांगतं की वकिलाशी झालेला गोपनीय संवाद उघड करायला न्यायालय पक्षकाराला भाग पाडू शकत नाही. तो स्वतः साक्षीला उभा राहिला तर मात्र त्याची साक्ष समजण्यापुरतं सांगावं लागू शकतं. हे कवच आपणच प्रत देऊन काढून ठेवायचं, आणि मग गुप्ततेची तक्रार करायची?

दुसरं टोक म्हणजे काहीच न लिहिणं. तेही चूक. सल्ला घेतला, विचार केला, मग ठरवलं, याची नोंद नसेल तर सर्वसाधारण सभेत कमिटी उघडी पडते. त्याला एवढं पुरतं: ‘गळतीच्या वादाबाबत संस्थेच्या वकिलांनी कायदेशीर सल्ला दिला. समितीने त्यावर चर्चा केली. तडजोडीची बोलणी करण्याचे अधिकार अध्यक्ष व सचिव यांना देण्यात आले.’ सल्ल्याचा विषय आला, मजकूर नाही. ‘बाजू कमकुवत असल्याने’ एवढे तीन शब्द जोडले, तरी सारं मत बाहेर पडतं. दोन लाखांचा आकडा जावा वकिलांना पाठवायच्या लेखी सूचनेत. पक्षकाराने वकिलाला दिलेली सूचनाही गोपनीयच असते. वकिलांचं लेखी मत वेगळ्या फाइलमध्ये ठेवावं, इतिवृत्ताला जोडू नये. बिल्डरचा माणूस किंवा कंत्राटदार सभेत असेल, तर सल्ल्याआधी त्याला बाहेर पाठवावं आणि तो गेल्याची वेळ लिहावी. नाहीतर संवाद गोपनीय होता, हेच सिद्ध करणं अवघड जाईल. (कच्चं इतिवृत्त सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणाऱ्यांना काय सांगावं!)

यावर आक्षेप येईल, की ही लपवाछपवी आहे. तसं नाही. सभासदाचं पत्र कधी आलं, उत्तर कधी गेलं, दुरुस्ती का रखडली, या वस्तुस्थितीला वकिलाच्या कानावर घातल्याने संरक्षण मिळत नाही. पानावर ‘गोपनीय’ शिक्का मारूनही नाही. वकिलांनी कोणता कंत्राटदार स्वस्त पडेल हे सांगितलं असेल, तर तो कायदेशीर सल्ला नव्हेच. ते खुशाल सविस्तर लिहा.