यादी मोठी, ओळख थोडी

सुरतेच्या रिंग रोडवरील कापडबाजारात साडीच्या घाऊक व्यापाऱ्याची खरी पुंजी म्हणजे गिऱ्हाइकांची यादी. ती जाहिरात-कंपनीकडे चढविली की आपल्याच गिऱ्हाइकांपुढे जाहिरात जाते. मात्र "किती टक्के जुळले?" एवढाच प्रश्न विचारण्याची जी रीत पडली आहे, ती मला अपुरी वाटते.

जुळणी होते कशी, ते आधी पाहू. प्रत्येक फोन क्रमांकाचा 'हॅश' म्हणजे ठसा काढला जातो आणि तो कंपनीच्या सभासदांच्या ठशांशी ताडला जातो. एका अंकाचा फरक पडला की ठसा सर्वस्वी बदलतो. वहीत क्रमांक कुठे शून्याने सुरू होतो, कुठे ९१ नसते. एक्सेलमध्ये तर लांब क्रमांकाचे कधी 9.19E+11 असे रूप होते. असे क्रमांक न सुधारता त्यांचे ठसे काढले, तर गिऱ्हाईक सभासद असूनही जुळत नाही. उलट दुकानाचा क्रमांक बरोबर असला, तरी मालकाचे खाते दुसऱ्याच क्रमांकावर असू शकते. पहिला दोष आपला, दुसऱ्याला इलाज नाही.

आता समजा, यादीत ८०० ओळी आहेत. दुबार नावे काढल्यावर ६०० उरली आणि त्यांतली २७० जुळली. ८०० वर हे ३४ टक्के होतात, ६०० वर ४५. माणसे तीच! मग व्यापारी गावे वेगळी करतो: सोलापूर ११०, लातूर ९०, हुबळी ७०. मेटावर आपल्या गिऱ्हाइकांसारखी नवी माणसे शोधायची, तर मूळ यादीत एकाच देशातील निदान १०० जण जुळावे लागतात. लिंक्डइनवर यादीचा गट वापरण्यास निदान ३०० लागतात. म्हणजे मेटावर लातूर, हुबळी बाद आणि लिंक्डइनवर तर सगळेच बाद. ही मर्यादा चढविलेल्या ओळींना नसून जुळलेल्या माणसांना आहे.

ही अट जाचक वाटते, पण मला ती योग्य वाटते. एक-दोन नावांचा गट चालला असता, तर जाहिरातीच्या आडून एखाद्याच्या मागावर राहणे सोपे झाले असते. म्हणून गट भरण्यासाठी विकतच्या याद्या मिसळू नयेत. त्या माणसांनी आपल्याला संमती दिलेली नसते, आणि गिऱ्हाइकांसारखे लोक शोधण्याचा पायाच त्याने बिघडतो. त्यापेक्षा तिन्ही गावे एकत्र ठेवावीत.

हिशेबातही हीच सावधगिरी हवी. जाहिरातीनंतरच्या विक्रीची यादी चढविली आणि २० खरेद्या जुळल्या, तर खरा आकडा २० हून अधिक असू शकतो. पण निम्मेच जुळले म्हणून तो ४० धरणेही चूक. न जुळलेले लोक जुळलेल्यांसारखेच असतात कशावरून? जुना व्यापारी फोनवर केवळ बोलतो, त्याचे कोठेही खाते नसते. तो जाहिरातीच्या हिशेबात कधीच येत नाही, आणि माल मात्र तोच उचलतो.

तेव्हा टक्के विचारण्यापूर्वी विचारावे: जुळले किती जण, आणि राहिले कोण?