‘फेअरवेल प्रेयर’ म्हणजे निरोपाची प्रार्थना नव्हे!

पोस्ट लांब आहे, पण गणपती जवळ आलेत आणि नोटीस लागायच्या आधी हे बोललेलं बरं.

आम्ही सुरतेत तिसऱ्या पिढीचे. सासरे नंदुरबारहून कापडाच्या मिलमध्ये आले, उधन्याच्या बाजूला राहिले, आणि आता नातवंडं घरात मराठी-गुजराती मिसळून बोलतात. आमच्या भागातल्या उत्सवाची नोटीस मी बरीच वर्षं मराठीत करते. ट्रस्टमध्ये गुजराती, मराठी, तेलुगू, ओडिया अशी सगळी माणसं, म्हणून मूळ मसुदा इंग्रजीत होतो आणि मग प्रत्येक जण आपापल्या भाषेत नेतो. दोन वर्षांपूर्वी मी मुलीकडे गेले होते, तेव्हा ऑफिसातल्या कुणीतरी डिक्शनरी उघडून मराठी नोटीस काढली. तिथून हा वाद सुरू झाला.

इंग्रजीत पहिली ओळ होती, ‘इन्स्टॉलेशन ऑफ द आयडॉल’, आदल्या रात्री 8 वाजता. मराठीत झालं ‘मूर्तीची प्रतिष्ठापना, रात्री 8’. आता सांगा, आदल्या रात्री कसली प्रतिष्ठापना? त्या वेळी मूर्ती वाजतगाजत मांडवात येते आणि चौरंगावर ठेवतात. ते आगमन. तोवर ती रंगवलेली मातीच असते. प्राणप्रतिष्ठा दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध चतुर्थीला, मध्यान्हकाळी. सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे पाच भाग करायचे आणि त्यातला तिसरा भाग म्हणजे मध्यान्ह. सुरतेत त्या दिवसांत तो साधारण सव्वाअकरा ते पावणेदोन येतो. इंग्रजी मसुद्यात ‘कॉन्सिक्रेशन, 11.30’ ही ओळ खाली होतीच, तिचं मराठी केलं ‘पवित्रीकरण’. लोकांना वाटलं, गोमूत्र शिंपडून मांडव शुद्ध करणार असतील. चार-पाच घरं आदल्या रात्री हात जोडून, अक्षता टाकून गेली आणि खऱ्या वेळी आलीच नाहीत.

मग ‘होली ऑफरिंग्ज, 12 टु 12.30’. ऑफरिंग हा शब्द इंग्रजीत पोत्यासारखा आहे, त्यात काहीही बसतं. देवापुढे ठेवतो तो नैवेद्य, अग्नीत टाकतो ती आहुती, गुरुजींना देतो ती दक्षिणा, पेटीत टाकतो ती देणगी. मराठीत छापलं ‘पवित्र अर्पण स्वीकारले जाईल’. बहुतेकांनी पाकीट आणलं. मोदक घेऊन आलेल्या एक आजी साडेबाराला पोचल्या, तेव्हा नैवेद्य दाखवून आरती झाली होती. कार्यकर्ता म्हणाला, ‘आजी, द्या, प्रसादात मिसळतो.’ आजींनी डबा दिला नाही. नैवेद्य न दाखवलेले मोदक प्रसाद कसे होतील? देवाला दाखवण्याआधी तो नैवेद्य, दाखवल्यावर प्रसाद. हा फरक पाच वर्षांच्या पोराला कळतो, पण नोटीस लिहिणाऱ्याला कळला नाही.

सगळ्यात वाईट झालं ते शेवटच्या दिवशी. ‘फेअरवेल प्रेयर 3 पीएम, इमर्शन 4 पीएम’. मराठीत ‘निरोप प्रार्थना’ आणि ‘विसर्जन’. आपल्या लोकांनी प्रार्थना म्हणजे भाषणं, सत्कार, शाळेतल्यासारखी ओळीत उभं राहून प्रार्थना, असं समजून तिकडे पाठ फिरवली. चार वाजता सगळे आले, आरतीची ताटं घेऊन. पण तीनला झाली ती उत्तरपूजा होती. शेवटची पंचोपचार पूजा, आरती, मग अक्षता वाहून मूर्ती जागची जरा हलवायची. त्या क्षणी देवाला निरोप दिलेला असतो. शास्त्राने बघाल तर विसर्जन तेच, नंतर मिरवणूक काढून महानगरपालिकेच्या कृत्रिम तलावात बुडवतो ती मूर्ती. चारला लोकांनी आरतीचा हट्ट धरला, गुरुजी म्हणाले, ‘आता नाही करता येत.’ वाजंत्री थांबली, माणसं गुरुजींवरच चिडली. बिचाऱ्यांचा काय दोष?

आता ‘प्रार्थना’ या शब्दाबद्दल थोडं, कारण त्याचा आपल्या गावाशी संबंध आहे. 1836 मध्ये मराठीचं व्याकरण लिहिणारे दादोबा पांडुरंग पुढे नोकरीसाठी सुरतेत होते. 1844 मध्ये त्यांनी आणि दुर्गाराम मेहताजींनी इथे मानवधर्म सभा काढली. नंतर 1867 मध्ये मुंबईत प्रार्थना समाज निघाला, त्यात दादोबांचे धाकटे भाऊ आत्माराम पांडुरंग पुढे होते. मूर्तिपूजा बाजूला ठेवून एका ईश्वराची उपासना करणाऱ्यांनी हे नाव घेतलं, पूजा समाज असं म्हटलं नाही. आपले मराठी ख्रिस्ती शेजारीही प्रार्थनाच म्हणतात, आणि त्यांच्याकडे तो शब्द अगदी बरोबर आहे. त्यांच्या नोटिशीत मी ‘पूजा’ लिहिलं तर त्यांना चालेल का? मग मूर्तीच्या उत्तरपूजेला प्रार्थना म्हटलेलं आपण का चालवून घ्यायचं?

मला उत्तर मिळतं, ‘काकू, भाव महत्त्वाचा, शब्दात काय आहे?’ अहो, भाव देवाला कळतो, पण नोटीस माणसांसाठी असते. काय आणायचं आणि किती वाजता यायचं, हे तिने सांगायला हवं. आणि हे नुसतं सोवळ्याओवळ्याचं नाही. फ्लॅटमध्ये आल्यावर आपल्यातल्या कितीतरी घरांनी घरचा गणपती बसवणं थांबवलं आणि सोसायटीचा तोच आपला मानला. त्यांचा कुळाचार या एका कागदावर चालतो.

उलट टोकालाही जाऊ नका. आमच्यातले एक काका ‘उत्तराङ्गपूजनविधि’ लिहा म्हणून मागे लागले होते. घरी अहिराणी बोलणाऱ्या बाईला ते कोण समजावणार? आणि प्रीस्टचं ‘पुजारी’ही नको. हिंदी-गुजरातीत ठीक असेल, पण आपल्याकडे पूजा सांगायला येतात ते गुरुजी. होली वॉटर म्हणजे तीर्थ, पवित्र पाणी नव्हे.

मी करते कसं, तेही सांगते. इंग्रजी ओळ वाचून आधी गुरुजींना फोन करते: या वेळी तुम्ही हातात काय घेता, समोर काय असतं, लोकांनी काय करायचं? ते जे नाव सांगतात ते लिहिते. मग इंग्रजी न पाहिलेल्या कुणाला तरी, बहुतेक वेळा माझ्या जावेला, ते वाचून दाखवते आणि विचारते, ‘तू किती वाजता येशील, हातात काय असेल?’ उत्तर गुरुजींशी जुळलं तर नोटीस छापायला जाते.

पण माझा खरा राग मराठी करणाऱ्यावर नाही, इंग्रजी मसुद्यावर आहे. गुरुजी उत्तरपूजा म्हणतात, मराठी माणूस उत्तरपूजा म्हणतो. मधल्या इंग्रजीने तिची फेअरवेल प्रेयर केली नसती, तर भाषांतराचा प्रश्नच आला नसता. येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये मी मागणी करणार आहे की आगमन, प्राणप्रतिष्ठा, नैवेद्य, उत्तरपूजा, विसर्जन हे पाच शब्द इंग्रजीतसुद्धा जसेच्या तसे ठेवा, आणि ज्यांना कळत नाहीत त्यांच्यासाठी पुढे एक ओळ समजावून लिहा. ट्रस्टींपैकी दोघांचा विरोध आहे, ‘इंग्रजी नोटीस इंग्रजीच दिसली पाहिजे’ म्हणतात. ज्यांना पटतंय त्यांनी रविवारी सकाळी 10 ला हॉलवर यावं, नुसतं इथे लाईक करून भागणार नाही.