पहिल्या भेटीतला ‘पण’

ऑगस्ट २०१९ मध्ये मी लग्नासाठी एक मुलगी पाहायला सोलापूरला गेलो होतो. तलाकविरोधी कायदा संसदेत नुकताच संमत झाला होता आणि माझ्या डोक्यात तोच होता. दोन्हीकडच्या मंडळींनी आम्हाला वीस-पंचवीस मिनिटं गॅलरीत बसू दिलं. मी विचारलं, “या कायद्याबद्दल तुमचं मत काय?” त्या म्हणाल्या, “एका दमात तलाक बंद व्हायलाच हवा होता. पण नवऱ्याला तीन वर्षं तुरुंगात टाकलं तर बायको-मुलांचा खर्च कोण देणार?”

प्रश्न रास्त होता. मी मात्र “पण” म्हणून जे सुरू केलं ते खाला चहा घेऊन आल्या तरी थांबलं नाही. २०१७ चा शायरा बानो निकाल, कोणत्या देशात काय कायदा आहे, सगळं ऐकवलं. परतताना बसमध्ये मला वाटत होतं, भेट छान झाली. चार दिवसांनी नकार आला. मध्यस्थांनी संकोचत कारण सांगितलं: “मुलगी म्हणते, त्यांनी मला एकही प्रश्न दुसऱ्यांदा विचारला नाही.”

आम्हा सुधारणावादी म्हणवणाऱ्यांचा हा खास दोष आहे. मतं घट्ट असतात, आणि ती वर्षानुवर्षं मोहल्ल्यात, नातेवाइकांत लढवून घट्ट झालेली असतात. समोर कोणी अर्धं वाक्य वेगळं बोललं की आपण लढायलाच उभे राहतो. दुसरी बाजूही हेच करते, तिथे निकालांऐवजी हदीस येतात एवढाच फरक. म्हणून बरेच जण उलटं टोक गाठतात: राजकारण, नमाज, पडदा यांवर लग्नाआधी बोलायचंच नाही. बायोडाटात ‘दीनदार’ किंवा ‘मॉडर्न’ एवढं लिहायचं आणि बाकी नशिबावर सोडायचं. माझ्या चुलतबहिणीच्या बाबतीत ‘दीनदार’चा अर्थ तिच्या घरी ‘जुम्मा आणि रोजे’ असा होता, सासरी ‘टीव्ही नाही आणि नोकरीही नाही’ असा निघाला. दोन्ही घरं खोटं बोलली नव्हती.

पुढच्या तीन-चार वर्षांत मी आणखी काही भेटींना गेलो आणि हळूहळू एक गोष्ट कळली. मत विचारलं की मत मिळतं, आणि मतावर वाद होतो. गेल्या आठवड्यात काय केलं हे विचारलं की माहिती मिळते, आणि माहितीवर वाद घालता येत नाही. “तुम्ही किती धार्मिक आहात?” याला उत्तरच नाही. “काल फजर झाली का? नाही झाली तर मनाला लागतं का?” याला उत्तर आहे. गेल्या रमजानमध्ये ऑफिसात काय केलं, घरातलं कोण दर्ग्यावर जातं आणि कोणाला ते खटकतं, लग्नात गाणी वाजली तर उठून जाता का, हे प्रश्न साधे वाटतात. घरातली पुढची तीस वर्षं मात्र याच गोष्टींवर चालतात. असं विचारणाऱ्याने आधी स्वतःचं खरं सांगायला हवं. नाहीतर ती परीक्षा होते, आणि परीक्षेत माणूस पास होण्यासाठी बोलतो.

मार्च २०२३ मध्ये पुण्यात, कोंढव्यात, माझ्या आताच्या पत्नीशी पहिली भेट झाली तेव्हा मी सुरुवात स्वतःपासून केली. जुम्मा चुकवत नाही, बाकीच्या नमाजा होत नाहीत. फ्लॅट घेतलाय, त्यावर बँकेचं वीस वर्षांचं कर्ज आहे. त्या काही क्षण गप्प होत्या. मग म्हणाल्या, “मी पाच वेळची नमाज पढते. व्याजाचं कर्ज मला मान्य नाही.”

जुना मी इथे चक्रवाढ व्याज आणि महागाईवर बोललो असतो. ‘पण’ ओठांवर आलाच होता. त्याऐवजी विचारलं, “मान्य नाही म्हणजे उद्या आपण त्या घरात राहायला लागलो तर काय होईल?” त्यांनी विचार करून सांगितलं: कर्ज तुमचं, लग्नाआधीचं आहे, घरात राहायला माझी हरकत नाही. माझ्या पगारातला रुपया त्या हप्त्यात जाणार नाही, आणि यापुढे कर्ज काढायचं तर मला विचारून. म्हणजे व्याज हलाल की हराम हा प्रश्न तिथे सुटण्याची गरजच नव्हती. माझ्या पगारातून हप्ता निघतो का, एवढंच पाहायचं होतं. निघत होता.

मग माझी पाळी आली. माझं ठाम मत होतं की नोंदणी विशेष विवाह कायद्याखाली करायची. त्याच महिन्यात केरळचे वकील आणि अभिनेते सी. शुक्कुर यांनी आपल्याच पत्नीशी या कायद्याखाली पुन्हा लग्न केल्याची बातमी ताजी होती. या वेळी मी कायदा नाही, माझ्या घरातली गोष्ट सांगितली. चाचांना दोन मुलीच. ते वारले तेव्हा चाचींना आठवा हिस्सा, दोन्ही मुलींना मिळून दोन तृतीयांश, आणि उरलेले चोविसातले पाच भाग एकुलत्या भावाला, म्हणजे माझ्या अब्बांना. अब्बांनी ते घेतले. शरियतप्रमाणे त्यांचा हक्कच होता. त्या दिवसापासून दोन्ही बहिणी ईदला आमच्याकडे येत नाहीत. विशेष विवाह कायद्याखाली लग्न झालं तर भारतीय वारसा कायदा लागू होतो, आणि तिथे एक तृतीयांश पत्नीला, बाकी सगळं मुलांना समान, मुलगा असो की मुलगी.

त्यांनी विचारलं, “अब्बांशी बोललात का कधी यावर?” नव्हतो बोललो. बोलणं त्या एका प्रश्नावर थांबलं आणि आम्ही ते तिथेच राहू दिलं. एका मुद्द्यावर दोघांचं एकेकदा सांगून झालं आणि तिसऱ्यांदा तेच शब्द येऊ लागले, की समजावं, आता आपण समोरच्याला समजून घेत नाही, हरवतोय. आवाज चढायच्या आधी हे लक्षात येतं. तेव्हा विषय पुढच्या भेटीवर टाकायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच न्यायचा नाही, तिथे रात्री एक वाजता माणूस वकील होतो.

या पद्धतीलाही मर्यादा आहेत. हुंडा, दुसरी बायको करण्याचा हक्क, लग्नानंतर तिची नोकरी, यांवर शांतपणे ऐकून घेऊन ‘तुमचं मत वेगळं’ म्हणण्यात अर्थ नाही. तिथे नकार द्यावा, आणि वाद न घालता द्यावा. दुसरं असं की दाराआड मामू बसलेले असताना मुलगी खरं सांगेल ही अपेक्षा चूक आहे. “घरचे म्हणतील तसं” हे उत्तर आलं तर ते तिचं मत समजू नये. आम्ही दुसरी भेट एका हॉटेलात घेतली, तिची बहीण दोन टेबलं सोडून बसली होती. पहिल्या भेटीत न आलेलं बरंच काही त्या दिवशी आलं. त्यात हेही होतं की माझे ‘जुम्मा चुकवत नाही’ हे शब्द तिला बढाई वाटले होते.

निकाह त्याच वर्षी झाला. विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ खाली निकाहनंतरही नोंदणी करता येते. अर्ज दिला की तीस दिवसांची जाहीर नोटीस लागते. अर्ज भरून कपाटात ठेवलाय. त्याआधी मी अब्बांशी बोलावं, अशी तिची अट आहे. मागच्या ईदला मी कराडला गेलो होतो, दोन दिवस राहिलो, आणि विषय न काढता परत आलो.