यादी मागे घेतो, निष्कर्ष नाही

संपादक मैत्रिणींना,


लातूर आणि नांदेड जिल्ह्यांतील मुलींच्या घटत्या प्रमाणावर मी आणि माझ्या सहकारी मैत्रिणीने लिहिलेल्या लेखावर मागील अंकात एक टीकात्मक टिपण आले आहे. टिपणकर्त्या ताई संख्याशास्त्र शिकवत असत. ते वाचून पहिल्या दिवशी आम्ही चिडलो. दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा चिडण्याचे कारण उरले नाही. त्यांचे तीन आक्षेप आहेत. दोन बरोबर आहेत, तिसरा आम्हाला मान्य नाही. तिन्हींचे उत्तर याच पानांवर देणे आम्हाला योग्य वाटते, कारण आमचे आकडे अनेक गटांनी भित्तिपत्रकांवर उतरवून घेतले आहेत.

पहिला आक्षेप जनगणनेच्या आकड्यांबद्दल आहे. महाराष्ट्रात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या आणि २०११ साली ८८३ उरल्या, म्हणजे दहा वर्षांत ३० ची घट झाली, असे आम्ही लिहिले होते. यातला ९१३ हा अंतिम आकडा आहे, पण ८८३ हा २०११ च्या मार्चअखेर जाहीर झालेला तात्पुरता आकडा आहे. तो आमच्या जुन्या फाईलमधल्या एका कार्यशाळेच्या पत्रकावरून तसाच उचलला गेला. तात्पुरते आकडे प्रगणकांनी हाताने केलेल्या बेरजांवरून निघतात. घरोघरचे तक्ते तपासून जे अंतिम आकडे आले त्यांत राज्याचे प्रमाण ८९४ भरले. म्हणजे घट ३० ची नव्हे, १९ ची. आम्ही सांगितलेल्या घटीतला एक तृतीयांशाहून मोठा हिस्सा मुलींचा नव्हता, आमच्या निष्काळजीपणाचा होता. बीडचा ८०१ हा गाजलेला आकडाही तात्पुरताच आहे. अंतिम ८०७ आहे.

त्यानंतरची, २०२१ ची, जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. त्यामुळे हे जुने आकडेच वर्षानुवर्षे भाषणांतून फिरत राहिले आणि त्यांच्यातला तात्पुरता कोणता, अंतिम कोणता हा भेद पुसला गेला. ज्या गटांनी आमचा लेख वापरला आहे त्यांनी कृपया दुरुस्ती करावी. अंतिम आकड्यांनुसार लातूर जिल्ह्यात २००१ साली ९१८ आणि २०११ साली ८८९, नांदेड जिल्ह्यात ९२९ आणि ९१०.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. लेखाच्या शेवटी आम्ही गावांची यादी दिली होती: एका वर्षाच्या जन्मनोंदींवरून ज्यांचे प्रमाण ७०० च्या खाली गेले ती 'धोक्याची गावे'. एवढ्या थोड्या जन्मांवरून काहीच सिद्ध होत नाही, असे ताई म्हणतात. आम्ही ते स्वतः करून पाहिले. तुम्हीही पाहा.

समजा, एका गावात वर्षाला ४० बाळे जन्मली, २४ मुलगे आणि १६ मुली. प्रमाण निघते ६६७. आकडा भयंकर दिसतो. पण निसर्गतःच दर १०० मुलींमागे सुमारे १०५ मुलगे जन्मतात, म्हणजे ४० जन्मांत साधारण साडेवीस मुलगे अपेक्षित असतात. त्यात तीन-चार इकडचे तिकडे व्हायला कोणाचा हात लागत नाही. नाणे ४० वेळा उडवले तर दर वेळी बरोबर २० छापे पडत नाहीत, तसेच हे. हिशेब केला तर दिसते की जिथे एकही गर्भलिंगतपासणी झालेली नाही अशा शंभर गावांपैकी सुमारे सतरा गावे दर वर्षी ६६७ वर किंवा त्याच्याही खाली येतील. आणि जवळजवळ तेवढीच गावे १,३०० च्या वर जाऊन सत्काराला पात्र ठरतील! पुढच्या वर्षी या यादीतली बहुतेक गावे आपोआप 'सुधारतील', आणि ते आपल्या प्रभातफेरीचे यश आहे असे आपण अहवालात लिहू. खरे सांगायचे तर आम्ही तसे लिहिलेही आहे.

ताईंनी यासाठी एक सोपा आडाखा दिला आहे. जेवढे जन्म मोजले त्या संख्येचे वर्गमूळ काढा आणि त्याने ४,००० ला भागा. निव्वळ योगायोगाने प्रमाण साधारण ९५० च्या खाली-वर तेवढे हलू शकते, आणि शंभरातल्या पंचाण्णव वेळा ते त्या पट्ट्यातच राहते. ४०० जन्म असतील तर पट्टा २०० चा, म्हणजे ७५० ते १,१५० मधला कोणताही आकडा काहीच सांगत नाही. १०,००० जन्म असतील तर पट्टा ४० चा. गावाच्या ४० जन्मांना तो ६०० च्याही वर जातो, म्हणजे तिथे मोजमापच थांबते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या एका वर्षाच्या आकड्यावर बातमी करण्याआधी प्रत्येकीने हा भागाकार करावा.

ही चूक केवळ कागदावर राहिली नाही, म्हणून ती इतकी टोचते. यादी छापली गेल्यावर त्यातल्या एका गावात दोन मुली असलेल्या गरोदर बायकांची वेगळी वही निघाली. कोण कोणत्या महिन्यात आहे याची चौकशी चावडीवर होऊ लागली. त्या गावातली एक बाई, दोन मुलींची आई, पाळणा लांबवायचे साधन फसल्यामुळे गर्भपातासाठी एका दवाखान्यात गेली. दहावा आठवडा होता. इतक्या लवकर सोनोग्राफीत लिंग सहसा कळतही नाही. १९७१ च्या गर्भपात कायद्यात तिचा गर्भपात पूर्णपणे बसत होता, आणि २०२१ च्या दुरुस्तीने तर साधन फसल्याचे कारण विवाहित-अविवाहित असा भेद न करता मान्य झाले आहे. तरी तिला सांगितले गेले, "तुमचं गाव यादीत आहे, आम्हाला भानगड नको." ती माझ्याकडे आली तेव्हा तिच्या हातात आमच्याच लेखाची झेरॉक्स होती. गर्भलिंगनिवडीला विरोध आणि सुरक्षित गर्भपाताचा हक्क या दोन्ही गोष्टी एकाच वेळी आपल्या आहेत, हे आपण सभांमध्ये बोलतो. आमच्या यादीने पहिलीच्या नावाखाली दुसरीवर घाव घातला. ती यादी आम्ही बिनशर्त मागे घेत आहोत.

आता तिसरा आक्षेप. गावांचे आकडे योगायोगाचे असू शकतात, मग जिल्ह्यांचेही का नसावेत? आणि घट खरी मानली तरी तिला गर्भलिंगनिवडच कारणीभूत आहे हे कशावरून? काही आजार किंवा नैसर्गिक बदल का नसेल?

पहिल्या अर्ध्याचे उत्तर ताईंच्याच आडाख्यात आहे. २०११ साली लातूर जिल्ह्याची लोकसंख्या साडेचोवीस लाख होती आणि त्यात शून्य ते सहा वयाची मुले सुमारे तीन लाख. तीन लाखांचे वर्गमूळ साधारण ५४८, म्हणजे पट्टा ७ चा. दोन जनगणनांची तुलना करायची तर दोन्हीकडचा योगायोग धरून तो १० पर्यंत जाईल. लातूरची घट २९ आहे आणि नांदेडची १९. दुरुस्त आकडे घेऊनही ती पट्ट्याबाहेरच राहते. या पट्ट्यात मोजणीतल्या चुका येत नाहीत हे खरे, आणि जन्मानंतर मुलींकडे दुर्लक्ष झाल्याने होणारे मृत्यूही या वयोगटाच्या आकड्यात मिसळलेले असतात. म्हणून "सगळी घट सोनोग्राफीची" हे लेखातले वाक्य आम्ही गाळतो. पण घट योगायोगाची नाही.

दुसऱ्या अर्ध्यासाठी एक जुना वाद आठवावा लागेल. २००५ साली अमेरिकेतील अर्थतज्ज्ञ एमिली ऑस्टर यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. आशियात, विशेषतः चीनमध्ये, मुली कमी जन्मण्याचे मोठे कारण आईवडिलांमधील हेपटायटिस बी हा काविळीचा संसर्ग आहे, असा त्यांचा दावा होता. लोकसंख्या-अभ्यासक मोनिका दासगुप्ता यांनी त्याच वर्षी त्याला उत्तर दिले. त्यांचा मुद्दा कोणाही आजीला समजेल इतका साधा होता. चीनमध्ये पहिल्या खेपेला मुलामुलींचे प्रमाण जवळपास नैसर्गिक आहे. आधीचा मुलगा असेल तर पुढेही बिघाड नाही. आधी मुली असतील तेव्हाच पुढच्या खेपेला मुलगे एकदम वाढतात. घरात आधी मुलगी आहे की मुलगा, हे विषाणूला कसे कळणार? ते फक्त घरातल्या माणसांना कळते. ऑस्टर यांनी पुढे सहकाऱ्यांबरोबर चीनमध्ये नवी माहिती गोळा केली आणि २००८ साली आपला निष्कर्ष चुकीचा होता हे स्वतःच प्रसिद्ध केले. टीकेला उत्तर कसे द्यावे, याचा हा धडा आम्ही घेतला आहे.

भारतातही हीच खूण दिसते. प्रभात झा, राजेश कुमार आणि सहकाऱ्यांनी २००६ साली 'लॅन्सेट'मध्ये अकरा लाख घरांच्या पाहणीवरून १९९७ मधल्या सुमारे १ लाख ३३ हजार जन्मांचा हिशेब मांडला. पहिली मुलगी असेल तर दुसऱ्या खेपेला हजार मुलांमागे ७५९ मुली, पहिल्या दोन्ही मुली असतील तर तिसऱ्या खेपेला ७१९. आधी मुलगे असतील तर मुलींची संख्या कमी नव्हती. वीस वर्षांत एक कोटी मुली हरवल्या, या त्यांच्या अंदाजावर टीका झाली. पण खेपेगणिक दिसणारा हा फरक कोणत्याही आजाराने समजावता येत नाही.

म्हणून आमचा सुधारित निष्कर्ष असा: लातूर आणि नांदेडमधली घट खरी आहे, आम्ही सांगितली त्याहून लहान आहे, आणि तिच्यात गर्भलिंगनिवडीचा वाटा आहे असे मानायला देशभरची खूण पुरेशी आहे. तो वाटा आपल्या दोन जिल्ह्यांत किती, हे आमच्या लेखाने सिद्ध झालेले नाही.

ते सिद्ध करायला गावांची यादी लागत नाही. गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीनंतर केंद्राला जो एफ फॉर्म भरावा लागतो, त्यात हयात मुलगे किती, मुली किती आणि त्यांची वये काय हे लिहायचे असते. दर महिन्याच्या ५ तारखेपर्यंत मागच्या महिन्याचा अहवाल समुचित प्राधिकाऱ्याकडे जातो. जिल्ह्यातल्या प्रसूतीच्या नोंदींतून फक्त दुसऱ्या खेपेचे जन्म घ्यावेत. पहिला मुलगा असलेल्या बायका एका बाजूला, पहिली मुलगी असलेल्या दुसऱ्या बाजूला. नावे, गावे, पत्ते काही नको. दोन्हीकडे पाच-पाच हजार जन्म झाले की पट्टा ५७ चा उरतो, आणि ७५९ सारखा आकडा असेल तर तो लपणार नाही. त्यानंतर प्रश्न बायकांना नव्हे, केंद्रांना विचारावा: तुमच्याकडे नुसत्या मुलीच असलेल्या बायका एवढ्या जास्त का येतात?

गर्भलिंगतपासणीविरोधी कायदा देशात सर्वात आधी, १९८८ साली, महाराष्ट्राने केला तो स्त्री-संघटनांच्या रेट्याने. तो कायदा डॉक्टरांवर आणि यंत्रावर नजर ठेवण्यासाठी मागितला होता. चावडीवर बायकांचे महिने मोजण्यासाठी नव्हे.

टिपणकर्त्या ताईंचे आभार. हा हिशेब आमच्या पुढच्या शिबिरात शिकवायला त्यांनी यावे, असे निमंत्रण स्वतंत्र पत्राने पाठवत आहोत.

आपली,
एक कार्यकर्ती, नांदेड
(दोन्ही लेखिकांच्या वतीने)