हाताला झिणझिण्या, पायाला चप्पल

कसबा बावड्यात आमच्या खाला राहतात. वुजू करून ओल्या हातांनी वॉशिंग मशीनला टेकलं की बोटांना झिणझिण्या यायच्या. पायात चप्पल असली की काही जाणवायचं नाही, म्हणून त्यांनी मशीनपुढे रबरी पट्टी अंथरली आणि प्रश्न मिटला असं धरलं. आम्ही गेलो तेव्हा आधी मशीनची पिन काढायला लावली. चप्पल घातल्याने करंट जात नाही, फक्त कळायचा बंद होतो.

आजच्या वॉशिंग मशीनमध्ये आणि बऱ्याच फ्रिजमध्ये आत एक फिल्टर असतो. त्यातून अगदी थोडा करंट पत्र्यावर येतच असतो, एक मिलिअँपिअरपेक्षाही कमी. अर्थिंग असेल तर तो गुपचूप जमिनीत जातो. नसेल तर पत्रा शंभरेक व्होल्टवर लटकतो आणि आपला ओला हात त्याला वाट देतो. म्हणजे बहुतेक वेळा मशीन बिघडलेलं नसतं, घराची तिसरी तार गायब असते. पण हीटरची कॉइल फुटली किंवा मोटरचं इन्शुलेशन गेलं, तरी सुरुवात अशीच होते. टेस्टर दोन्ही वेळा पेटतो, त्याला फरक कळत नाही.

खालांकडे आलेला पहिला वायरमन म्हणाला, "सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, दोन मिनिटांचं काम." आम्ही त्याला हात लावू दिला नाही. असं जोडल्यावर पुढेमागे न्यूट्रल तार कुठे तुटली, की सबंध 230 व्होल्ट मशीनच्या पत्र्यावर येतात.

दुसऱ्याने मीटर लावला. फेज-न्यूट्रल 232, मशीनचा पत्रा ते न्यूट्रल 110. सॉकेट उघडलं तर तिसऱ्या भोकाच्या मागे तारच नव्हती, भोक नुसतं शोभेचं! त्याने अंगणातल्या अर्थिंगपासून हिरवी तार ओढून आणली. मग फेज आणि त्या भोकामध्ये 100 वॉटचा बल्ब लावला, तो न्यूट्रलवर पेटतो तितकाच लख्ख पेटला. मीटरवर न थांबता बल्ब लावण्याचं कारण असं, की गंजलेल्या क्लॅम्पमधूनही मीटर 230 दाखवतो, बल्ब मात्र मिणमिणतो. (हा प्रयोग वायरमननेच करायचा, घरच्यांनी नव्हे.)

मशीनची पिन काढून मेगरने फेज आणि पत्र्यामधलं इन्शुलेशनही तपासलं, ते ठीक निघालं. शेवटी मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवली. उद्या हीटर खरंच फुटला, तर ती आपसूक पडेल. वारंवार पडू लागली तर तिला दोष न देता मशीन दुरुस्तीला द्यायचं, हेही खालांना सांगून ठेवलं.

आता पत्रा ते न्यूट्रल दोन व्होल्ट दाखवतो. रबरी पट्टी अजून तिथेच आहे. खाला म्हणतात, फरशी निसरडी आहे.