कारण सापडले म्हणून दोष फिटतो काय?

सालेकशाला आमच्याकडे चार दिवस राहून गेलेल्या आमच्या एका शाळासोबत्यांनी हयातभर भौतिकशास्त्र शिकविले आहे. त्यांचा पक्ष थोडक्यात असा: प्रत्येक घटनेला आधीची कारणे असतात. माणसाचा निर्णय हीही मेंदूत घडणारी घटनाच. त्या कारणांची साखळी आपल्या जन्मापूर्वीपासून चालत आलेली. मग, "तुम्ही धर्मगुरू लोक पापाचा हिशेब कुणाकडे मागता?" या विचाराला नियतत्ववाद म्हणतात, आणि त्यातून जबाबदारी नाहीशी होते असे ते मानतात. पहिला भाग आम्ही वादापुरता पूर्णपणे मान्य करतो. दुसरा त्यातून निघत नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे.

आमच्या तालुक्याचेच उदाहरण घ्या. हा नक्षलग्रस्त म्हणून ओळखला गेलेला मुलूख. समजा, जंगलालगतच्या एका पाड्यात रात्री बंदूकधारी आले. एका घरधन्याने छातीवरच्या नळीपुढे भात रांधून वाढला. दुसऱ्याने आपणहून निरोप धाडून त्यांना जेवायला बोलाविले. दोन्ही कृत्यांना कारणे आहेत. पण पहिल्यात त्या माणसाची इच्छा मोडली गेली, दुसऱ्यात तिच्यातूनच कृत्य घडले. कायदाही हा भेद मानतो. तत्काळ मृत्यूच्या धाकाने केलेले कृत्य भारतीय दंडसंहितेच्या कलम ९४ ने क्षम्य ठरविले होते. २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत ते कलम ३२ झाले. (खून मात्र त्यातून वगळलेला आहे.) कारण असणे आणि सक्ती असणे या दोन गोष्टी निराळ्या, आमच्या मित्रांनी त्या एक केल्या.

"पण दुसऱ्यालाही वेगळे वागता आले नसतेच ना?" हा त्यांचा हुकमी प्रश्न. त्याचे उत्तर आम्ही मुंबईच्या एका गाजलेल्या खटल्यातून देऊ. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे अधिकारी कावस नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. त्यानंतर त्यांनी पत्नीला व मुलांना चित्रपटगृहाशी सोडले. जहाजावर जाऊन, रात्री एकट्याने मोटारीने अहमदनगरला जायचे आहे असे खोटेच सांगून, रिव्हॉल्व्हर व सहा गोळ्या घेतल्या. मग ते आहुजांच्या कचेरीत गेले, तेथे ते भेटले नाहीत म्हणून त्यांच्या घरी गेले. तेथे गोळ्या झाडल्या गेल्या आणि आहुजा ठार झाले. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष म्हटले. उच्च न्यायालयाने ते न मानता खुनाचा दोषी ठरविले, आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच कायम केले.

बचावाची मुख्य बाजू झटापटीत अपघाताने गोळ्या सुटल्याची होती. ती टिकली नाही. मग उरला गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाचा मुद्दा. या संतापाला कारण होते की नाही, हा प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच. कारण तर उघड होते. पाहायचे होते ते हे, की घरून निघाल्यापासून गोळ्या झाडेपर्यंतच्या सुमारे तीन तासांत माणूस भानावर येऊ शकत होता काय. न्यायालय म्हणाले, येऊ शकत होता.

ते अहमदनगरचे खोटे आम्हांला फार बोलके वाटते. खरे सांगितले तर शस्त्र मिळणार नाही, हे ज्याला कळते आणि त्याप्रमाणे जो आपले बोलणे बदलतो, त्याचे मन कारणे तोलून वळण घेऊ शकत होते. समोर अडथळा आला तर ते बदलत होते. समोर विवेकाचे कारण आले असते तर बदलण्याची शक्तीही तेथेच होती. 'वेगळे वागता आले असते' याचा अर्थ हाच: ही शक्ती शाबूत होती. अणूअणूची स्थिती तीच ठेवून निकाल वेगळा लागला असता असा दावा करण्याची आम्हांला गरज नाही. आणि समजा, मेंदूत एखादा अणू निष्कारण उसळला व म्हणून बोट चापावरून ढळले, तर तो योगायोग होईल. त्याला त्या माणसाचे स्वातंत्र्य कोण म्हणेल?

पापनिवेदन ऐकतानाही आम्ही विश्वाची साखळी कुठे तुटली ते विचारीत नाही. गोष्ट गंभीर होती का, ती ठाऊक होती का, मनापासून संमती होती का, हे पाहतो. भीती, अज्ञान, जडलेली सवय यांनी दोष कमी होतो. आमच्यातले सर्वच तत्त्वचिंतक स्वातंत्र्याची एवढीच व्याख्या पुरेशी मानतील असे मात्र नाही. अनेकांना याहून अधिक काही हवे असते.

आमच्या मित्रांची शेवटची हरकत खरोखर जड आहे. कारणे तोलणारे ते मनच त्या माणसाने घडविलेले नाही, असे ते म्हणतात. खरे आहे. परंतु आपली मराठी आपण कुणीच घडविलेली नाही. आईच्या तोंडून ती आली. तरी तिच्यात आपण दिलेली शिवी आपलीच असते, आईची नव्हे. ज्याच्या मनाला तोलण्याची शक्ती आलीच नाही, किंवा आजाराने गेली, त्याच्याबाबतीत आमच्या मित्रांचे म्हणणे आम्ही बिनतक्रार स्वीकारतो. तेथे दोष न देता उपचार करावा. त्यांना मात्र सर्व मनुष्यजातच त्या रांगेत बसवायची आहे, आणि त्यासाठी लागणारा पुरावा केवळ 'कारणे असतात' एवढ्याने मिळत नाही.