नावाचे तीन तुकडे

सध्या बहुतेक संघटनांच्या कचेरीत एकच काम चालले आहे. जुन्या वह्यांतली सभासदांची यादी संगणकावर चढवायची आणि पूर्ण नावाचे तीन रकाने करायचे: नाव, मधले नाव, आडनाव. काम कारकुनी वाटते, म्हणून ते नव्या मुलीकडे दिले जाते. माझ्या मते ते सगळ्यात जुन्या कार्यकर्तीने करावे, कारण गावातली आडनावे तिला ठाऊक असतात.

अडचण क्रमाची आहे. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी असते. मतदारयादीतही पुष्कळदा तसेच. आधार कार्डावर आणि बँकेच्या पासबुकावर बहुधा स्वतःचे नाव आधी येते. आपल्या वहीत दोन्ही प्रकार एकाच पानावर सापडतात, कारण जिने जो कागद दाखवला त्यावरून लिहिले गेले. आता उदाहरणापुरते एक नाव घेऊ. ‘सुनीता रमेश पवार’ हे जागेवरून तोडले तर ठीक बसते. पण ‘पवार सुनीता रमेश’ तोडले की ‘पवार’ हे नाव होते, ‘रमेश’ आडनाव होते आणि सुनीता मधल्या रकान्यात जाऊन बसते, जिथे एरवी नवऱ्याचे नाव लिहितात. पुढे पत्र जाते ‘प्रिय पवार’ म्हणून, आणि बँकेला दिलेल्या यादीशी तिचे खाते जुळत नाही.

पुष्कळजणी यावर नाव उलटे करतात. तेही चुकते. उलटे केले तर ‘रमेश सुनीता पवार’ होते. पहिला शब्द उचलून शेवटी ठेवायचा, बाकीचे दोन जसेच्या तसे पुढे सरकवायचे, एवढेच करायचे असते.

पण कोणती ओळ कोणत्या क्रमाची, हे कसे ओळखावे? एकेका नावाकडे पाहून नव्हे, कागदाकडे पाहून. म्हणून मूळ नावाचा रकाना हात न लावता ठेवावा आणि शेजारी ते कुठून घेतले हे लिहावे: मतदारयादी, पासबुक, दाखला, तोंडी. मग एका कागदावरची नावे एकत्र पाहावीत. ज्या जागी तेच तेच मोजके शब्द पुन्हा पुन्हा येतात ती आडनावाची जागा. एका गावात आडनावे थोडी आणि बायकांची नावे पुष्कळ. तोंडी घेतलेल्या नावांना मात्र हा नियम लागू पडत नाही, ती एकेक करून पाहावी लागतात. प्रभाकर, भास्कर ही नावेही आहेत आणि आडनावेही. तिथे बाईलाच विचारावे.

त्याआधी शब्द मोजून घ्यावेत. पूर्ण नाव A2 मध्ये असेल तर:

```
=LEN(TRIM(A2))-LEN(SUBSTITUTE(TRIM(A2)," ",""))+1
```

उत्तर 3 आले नाही त्या ओळी बाजूला काढाव्यात. त्यांत ‘सौ.’ आणि ‘श्रीमती’ निघतील, ‘सुनीता बाई’ असे तोडून लिहिलेले निघेल, माहेर-सासर दोन्ही आडनावे लावणाऱ्या निघतील. ज्यांच्यात आडनावाची रीतच नाही अशा बायका दोन शब्दांवर थांबतील. त्यांचा रिकामा रकाना रिकामाच राहू द्यावा. तो भरायचा म्हणून कुणा पुरुषाचे नाव शोधत बसू नये. पासपोर्टलाही मधला रकाना नसतो. आडनाव आणि बाकीचे नाव, एवढ्यावर भागते.

आता चार शब्द नेहमीचेच होणार आहेत. 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलांची नावे महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव अशी नोंदवायची आहेत. ‘आर्या सुनीता रमेश पवार’ तीन रकान्यांत घालायला गेले की आईच्या नावालाच जागा उरत नाही, आणि घाईत कुणाचे नाव गळेल हे मी सांगायला नको. विवाहित स्त्रीसाठी मात्र स्वतःचे नाव, पतीचे नाव, आडनाव ही पद्धत चालू ठेवली आहे.

खरी मेख मधल्या रकान्यातच आहे. तो फक्त ‘मधले नाव’ म्हणतो, कुणाचे ते सांगत नाही. लग्नाआधी वडिलांचे, नंतर नवऱ्याचे, आडनावही बदलते. एकच बाई दहावीच्या दाखल्यावर ‘जाधव सुनीता दत्तात्रय’ आणि पासबुकावर ‘सुनीता रमेश पवार’ असते. रकाने कितीही नीट पाडले तरी संगणकाला या दोघी वेगळ्याच दिसणार. म्हणून नावावरून नोंदी जुळवूच नयेत. सभासद क्रमांक आणि जन्मतारीख धरावी. मधल्या रकान्याशेजारी ‘कुणाचे’ असा छोटा रकाना जोडावा: आई, वडील, पती. परित्यक्ता आणि घटस्फोटित मैत्रिणींच्या बाबतीत हा रकाना त्यांना विचारल्याशिवाय कुणी भरू नये.

आणि पत्रावर छापायला मूळ पूर्ण नावच वापरावे, तिने जसे सांगितले तसे. तुकडे फक्त जो अर्ज ते मागतो त्याच्यापुरते.